डावं पान दिवसाचं, उजवं पान रात्रीचं

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं, नदीतल्या मगरी वस्त्यांमध्ये दिसू लागल्या, आणि त्यानंतर कित्येक महिने मला पाण्याची स्वप्नं पडत राहिली. आमच्या घरात पाणी आलं नव्हतं, तरी पडत राहिली. पुराची भीती मनात बसली असणार, असं मी धरून चालले होते. खरंच तसं आहे का ते बघावं म्हणून वही आणली.

पहिली वही तीन महिने लिहिली आणि ती जवळजवळ वाया गेली. सकाळी स्वप्न लिहायचं, त्याच्याच खाली ‘काल असं झालं होतं म्हणून’ असं कारण लिहायचं, अशी माझी पद्धत होती. नंतर वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक स्वप्नाला कारण सापडलेलं आहे, एकही सुटलेलं नाही. आधी स्वप्न हातात घेऊन मग कालचा दिवस चाळला, तर काही ना काही जुळतंच. दिवसभरात शंभर गोष्टी घडतात, त्यातली सोयीची तेवढी आठवते.

म्हणून दुसऱ्या वहीत मी दिवस आणि रात्र वेगळी केली. डावं पान दिवसाचं, ते झोपण्याआधीच भरायचं आणि सकाळी त्याला हात लावायचा नाही. सहा ओळी पुरतात: कोण भेटलं, कुठे गेले, काय हाताळलं, काय पाहिलं-वाचलं, डोक्यात काय घोळत होतं आणि दिवसातली सगळ्यात जोरकस भावना कोणती. किरकोळ गोष्टी मुद्दाम लिहायच्या, कारण स्वप्नात बऱ्याचदा त्याच येतात. मिक्सरचं भांडं फुटलं, मांडवीजवळ रिक्षा अडकली, एवढंसुद्धा. उजव्या पानावर दोन्ही वार घालायचे, ‘मंगळ-बुध रात्र’ असे. पहिल्या वहीत मी कधी झोपल्याची तारीख घातली होती, कधी उठल्याची, आणि पुढे कोणतं स्वप्न कोणत्या दिवसानंतरचं ते कळेनासं झालं.

सकाळचं काम मात्र नाजूक असतं. जाग आली की हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, त्याच कुशीवर पडून राहायचं. आधी शेवटचं दृश्य धरायचं आणि तिथून मागे मागे जायचं. सासूबाईंनी एकदा विचारलं, ‘‘काय गं, जागी असून अशी पडून का राहतेस? बरं नाही का?’’ मी उत्तर दिलं आणि तेवढ्यात स्वप्न गेलं. तेव्हापासून घरात ठरलं आहे की मी वही खाली ठेवेपर्यंत माझ्याशी कोणी बोलायचं नाही. वेळ नसेल तर पाच-सहा शब्द टिपून ठेवते: जिना, पितळी डबा, मगर, पिवळा उजेड. त्या शब्दांवरून दुपारी जे आठवेल ते हिरव्या पेनने लिहायचं, कारण उशिरा आठवलेल्यात मन आपल्या पदरचं भरतं. दोन शाया असल्या की पुढे कशावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं.

भावनेसाठी मी गोष्टीच्या आधी जागा ठेवली. गोष्ट लिहून झाल्यावर भावना लिहिली, तर गोष्टीला शोभेल तीच लिहिली जाते. मगर म्हटली की हात आपोआप ‘भीती’ लिहितो. स्वप्नांच्या अभ्यासात हॉल आणि व्हॅन डी कॅसल या दोघांनी १९६६ साली मांडलेली पद्धत बरीच वापरली जाते. तिच्यात भावनांचे पाचच गट आहेत: राग, धास्ती, आनंद, दुःख आणि गोंधळ. मी तेच घेतले आणि प्रत्येकीपुढे शून्य ते तीन असा जोर लिहिते. स्वप्नातली भावना एका ओळीत, उठल्यावरची दुसऱ्या ओळीत, कारण त्या बऱ्याचदा वेगळ्या असतात.

स्वप्न हाती न लागलेल्या रात्रीही लिहायच्या. ‘स्वप्न पडलं होतं, पण निसटलं’, ‘काहीच आठवत नाही’ आणि ‘लिहायचं राहिलं’ या तीन वेगळ्या नोंदी आहेत. नवरात्रात गरब्याहून एक वाजता येऊन सहाला उठत होते, तेव्हा नऊही रात्री कोऱ्या गेल्या. मन शांत होतं असा त्याचा अर्थ नाही. ठसठशीत स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते आणि मी नेमका तोच तुकडा कापत होते. म्हणून झोपल्याची आणि उठल्याची वेळ, गजर होता की आपोआप जाग आली, हेही कोपऱ्यात लिहिते.

आता ती मगर. शुक्र-शनि रात्र. भावना: राग ३, धास्ती ०. माहेरच्या जिन्यावर पाणी चढतंय, मी डबे वर नेतेय, तिसऱ्या पायरीवर मगर पडलेली आहे आणि मी तिला ओलांडून जा-ये करतेय. वरच्या खोलीत माणसं बसली आहेत, कोणी उठत नाही. आदल्या दिवसाच्या पानावर यातलं काहीच नव्हतं. पण दिवसातली गोष्ट स्वप्नात एक-दोन दिवसांत येते आणि काही वेळा पुन्हा पाच ते सात दिवसांनी, असं संशोधकांना आढळलं आहे, म्हणून मी तेवढी पानं मागे जाते. सहा दिवसांमागे, शनिवारी, माझ्याच अक्षरात होतं: ‘आईची कागदपत्रं आणि भांडी माळ्यावर चढवली. दादा आला नाही. राग.’ त्या पानावर पाणी नव्हतं, मगर नव्हती. एकटीने वर वाहून नेणं आणि राग, एवढं मात्र दोन्हीकडे होतं.

मला फार आनंद झाला. पण पहिल्या वहीचा धडा आठवला, म्हणून नणंदेची मदत घेतली. वीस स्वप्नं तारखा झाकून तिच्यापुढे ठेवली आणि प्रत्येकाबरोबर दिवसाची दोन पानं: एक खरं आदल्या दिवसाचं, एक तीन आठवड्यांपूर्वीचं. कोणतं जुळतं ते तिने सांगायचं. वीसपैकी तेरा बरोबर आली. ऐकायला बरं वाटतं, पण वीसदा नाणं उडवून तेरा वेळा छापा पडला तर कोणी चकित होत नाही. तेव्हा अमुक स्वप्न तमुक घटनेमुळे पडलं, असं मी या वहीच्या जोरावर म्हणणार नाही. मगरीच्या स्वप्नाबद्दलही नाही.

पण आपलं आपल्याशी मोजायला हे जुळवणं लागत नाही. दोन महिन्यांत पाण्याची सहा स्वप्नं होती. त्यातल्या चारांत राग पहिला लिहिलेला आहे, एकात गोंधळ, आणि धास्ती फक्त एकात. हे सगळं गोष्ट लिहिण्याआधी लिहिलेलं आहे. सहा म्हणजे फार नाहीत, पण जी भीती मी वर्षभर धरून चालले होते ती पानांवर जवळजवळ नाहीच. आता डाव्या पानावर मी एक सातवी ओळ वाढवली आहे: आज कोणतं काम एकटीने ओढलं. या पावसाळ्यातली पाण्याची स्वप्नं तिच्याशी ताडून बघणार आहे.