पार्किंगच्या जागी काय होतं?

वादविवाद स्पर्धेत फिरती ढाल मिळवून देणारा मुद्दा ऐकायला बिनतोड होता. विषय ‘जुनं बांधकाम आजच्यापेक्षा टिकाऊ’, आणि नाशिकच्या दोघी मैत्रिणी विषयाच्या बाजूने उभ्या. नारोशंकराचं देऊळ 1747चं, गोदेचे कितीतरी पूर अंगावर घेऊन उभं. काळाराम 18व्या शतकातला. गावठाणातले जुने वाडे अजून नांदते. उलट वीस वर्षांच्या अपार्टमेंटचा स्लॅब गळतो. यातलं एकही वाक्य खोटं नाही, म्हणूनच विरोधी जोडीलाही काही सापडलं नाही. खोट वाक्यांत नव्हतीच, उदाहरणं कुठून वेचली त्यात होती.

दुसऱ्या दिवशी भद्रकालीत स्कूटर लावताना दोघींना ती जागा दिसली. दोन वाड्यांच्या मध्ये पार्किंगपुरती मोकळी जागा, आणि शेजारच्या भिंतीवर बरीच वर तुळयांची भोकं, एक कोनाडा.

“अगं, इथे काय होतं?”

“वाडाच असणार. पडला असेल.”

“मग काल आपण तो मोजला का नाही?”

समजा, एका गल्लीत 1880च्या सुमारास 50 वाडे बांधले आणि आज त्यातले 6 उभे आहेत. आपण कौतुक करतो त्या सहांचं. ज्यांच्या खांबांचं बूड ओलीने कुजलं, कौलं सरकून पाणी भिंतीत उतरलं आणि विटांमधली माती धुऊन गेली, ते केव्हाच यादीतून गळाले. आजच्या इमारतींना अजून अशी चाळणी लागलेली नाही. चांगल्या-वाईट सगळ्याच समोर आहेत. म्हणजे तुलना झाली तेव्हाच्या निवडक सहांची आणि आताच्या सरसकट पन्नासांची. याला ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ म्हणतात. त्यात देवळं घातल्याने घोळ आणखी वाढला. काळ्या पाषाणाचं देऊळ आणि लाकूड-मातीचा वाडा यांना एका ‘जुन्या’त कोंबणं ही खरं तर वेगळीच चूक, पण पहिलीच्या आडोशाला ती खपून गेली.

मात्र यावरून नवं बांधकाम टिकाऊ ठरत नाही. मुद्दा फक्त असिद्ध राहतो. तो सावरायचा तर वय सारखं धरावं लागेल: 1880चे सगळे वाडे विसाव्या वर्षी कसे होते, आणि आजच्या इमारती विसाव्या वर्षी कशा आहेत. सिटी सर्व्हेचे जुने नकाशे आणि घरपट्टीच्या नोंदी मिळाल्या, तर निदान किती वाडे होते हे कळेल. तरीही पडलेला वाडा आणि पाडलेला वाडा वेगळे मोजावे लागतील. रस्तारुंदीत गेलेला किंवा बिल्डरला दिलेला वाडा कच्चा होता म्हणून गेला, असं म्हणता येत नाही.

विरोधी जोडीला एवढं सगळं मांडायची गरजही नव्हती. “तेव्हा बांधलेल्यांपैकी किती उरले?” एवढं विचारलं असतं तरी दोघींकडे उत्तर नव्हतं.