जनरेटर सुरू का होत नव्हता?

पुण्यातल्या एका सीए ऑफिसचं मी व्यवस्थापन बघते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत. इमारतीचा वीजपुरवठा एकच, सोसायटीच्या नावावर. आम्हाला सबमीटर आणि महिन्याला मेन्टेनन्सचं बिल. मे महिन्यात वीज जायला लागली तेव्हा आमच्याकडे टीडीएसच्या चौथ्या तिमाहीची विवरणपत्रं चालू होती. त्यांची शेवटची तारीख ३१ मे.

इमारतीच्या व्यवस्थापनाला पहिलं पत्र मी रागातच लिहिलं. 'वारंवार वीज जाते, कामाचा खोळंबा होतो, त्वरित लक्ष घालावे.' दोन ओळींचं उत्तर आलं : नोंद घेतली आहे, महावितरणकडे पाठपुरावा करू. मॅनेजरसाहेबांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, गुरुवारी देखभालीसाठी जातेच की!" पुण्यात गुरुवार म्हटलं की समोरचा गप्प होतो. मीही झाले.

९ मेला चार वेळा वीज गेली. आमचा यूपीएस पंधरा मिनिटं चालतो. पहिल्या वेळी चालला. पण बॅटरी परत भरायला काही तास लागतात, त्यामुळे तिसऱ्या वेळी चार मिनिटांतच ओरडायला लागला. चौथ्या वेळी सर्व्हर तसाच बंद पडला आणि टॅलीतल्या एका कंपनीचा डेटा उघडेना. सकाळच्या बॅकअपवरून दिवसभराच्या नोंदी पुन्हा टाकायला दोघी रात्री नऊपर्यंत बसल्या.

त्या रात्री जिना उतरताना एक गोष्ट डोक्यात आली. संध्याकाळी वीज गेलेली असताना लिफ्ट चालू होती. समोरच्या मेडिकलचा बोर्डही पेटलेला होता. आणि जनरेटरचा आवाज? एकदाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली. वीज किती वाजता गेली, किती वाजता आली, लिफ्ट चालू का, मेडिकल चालू का, जनरेटर सुरू झाला का, एवढंच लिहायचं. बारा दिवसांत दहा नोंदी झाल्या. दहापैकी गुरुवारी फक्त एक. सगळ्या साडेअकरा ते साडेचारच्या मधल्या, म्हणजे मजल्यावरचे सगळे एसी चालू असतानाच्या. लिफ्ट दहाही वेळा चालू. जनरेटर एकदाही नाही. ढगाळ दोन दिवस कोरे गेले.

वॉचमनकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, तुमच्या मजल्याचा खटका पडतो. मी लगेच वर करायला जातो तर धरत नाही. पंधरा मिनिटांनी धरतो." व्यवस्थापनाने त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं.

आमच्या ओळखीच्या वायरमनने वही बघून सगळं उलगडून सांगितलं. जनरेटरचं स्वयंचलित पॅनेल बाहेरून येणारी वीज बघतं. ती तर येतच होती, मग जनरेटर कशाला सुरू होईल? दोष मुख्य पॅनेल आणि आमचा मजला यांच्यामध्ये होता. आणि गरम होऊन पडणारा खटका थंड झाल्याशिवाय धरत नाही, म्हणून ती पंधरा मिनिटं.

दुसरं पत्र अर्ध्या पानाचं झालं. 'विषय : तिसऱ्या मजल्याचा खटका वारंवार पडणे'. वीज जाणे हा शब्दच मी काढून टाकला, कारण त्या शब्दावर महावितरणचं उत्तर तयार असतं. मजकूर असा :

'सोबत दहा घटनांची नोंद जोडली आहे. प्रत्येक वेळी लिफ्ट चालू होती व जनरेटर सुरू झाला नाही. म्हणजे इमारतीत वीज येत होती. मजल्याच्या खटक्याचे व केबलचे जोड तपासावेत आणि दुपारी दोन वाजता, पूर्ण भार असताना, तिन्ही फेजचा प्रवाह मोजावा. जोड सैल असल्यास आगीचा धोका आहे. तपासणीची तारीख २७ मेपर्यंत लेखी कळवावी.'

खाली सरांची सही, आणि मजल्यावरच्या इतर तीन ऑफिसांच्याही. आगीच्या वाक्यावर सर जरा अडखळले होते, "घाबरवल्यासारखं वाटेल." मी ते ठेवलं. खोटं नव्हतं ते.

दुपारी दोनचा आग्रह का, तर सकाळी नऊला तपासलं की सगळं ठीकच दिसतं. २६ तारखेला त्यांचा माणूस बरोबर दोनला आला. टाँग टेस्टर लावला, तर तिन्ही फेजचा प्रवाह खटक्याच्या क्षमतेच्या बराच खाली. मग वीज बंद करून पॅनेल उघडलं. पिवळ्या फेजच्या केबलच्या टोकाला बसवलेला लग काळा पडलेला, शेजारचं आवरण तपकिरी होऊन बोटाने तुटत होतं. बोल्ट सैल होता. तिथली उष्णता खटक्यात शिरायची आणि भार कमी असूनही तो पडायचा. लग आणि खटका दोन्ही बदलले. खर्च मजल्यावर वाटून घ्यावा अशी एक सूचना आली, ती मेन्टेनन्सचं बिल पुढे केल्यावर मागे गेली.

विवरणपत्रं ३० तारखेलाच भरून झाली. जूनमधल्या एका गुरुवारी वीज गेली. खाली जनरेटर धडधडला, दहा-बारा सेकंदांत दिवे आले. मी वही काढून शेवटच्या रकान्यात पहिल्यांदाच 'हो' लिहिलं.