रजिस्टरमध्ये १ ग्रॅम, बाटलीत ०.४

फार्मसीच्या ट्रेनिंगमध्ये मी कंपाउंडिंगला, म्हणजे औषधं बनवायच्या विभागात होते. तिथे लहान मुलांसाठी हायड्रोकॉर्टिझोनच्या २ मिलिग्रॅमच्या कॅप्सूल बनायच्या. १०० कॅप्सूलची बॅच म्हणजे २०० मिलिग्रॅम औषध, आणि भर म्हणून लॅक्टोज घालून एकूण २० ग्रॅम पावडर.

५ ग्रॅमच्या बाटलीतून २० बॅच झालेल्या, म्हणजे १ ग्रॅम उरायला हवं. दुसऱ्या काट्यावर बघितलं तर ०.४ ग्रॅम. सर म्हणाले सांडलं असेल, पण दर बॅचला ३० मिलिग्रॅम सांडतं आणि कुणाला दिसत नाही, हे मला पटेना.

मग काट्याचं लॉगबुक काढलं. १०० ग्रॅमच्या वजनाचा रकाना रोज भरलेला, शेजारचा छोट्या वजनांचा पूर्ण कोरा. मी २०० मिलिग्रॅमचं वजन चिमट्याने ठेवलं, तर आकडा आला १७०. उचलून परत ठेवलं तर १७४, मग १६८. १०० ग्रॅमला मात्र ९९.९७, म्हणजे पास! पॅन काढला तर खाली पावडर घट्ट बसलेली आणि पॅन तिला घासत होता. त्या घासण्यात थोडं वजन अडकतं, काटा कमी दाखवतो, आणि आपण २०० दिसेपर्यंत औषध घालत राहतो. म्हणजे खरं पडत होतं २३० च्या आसपास.

तयार कॅप्सूल वजन करून तपासायचो की, त्यात कधीच काही आलं नाही. येणार कसं, २० ग्रॅममध्ये ३० मिलिग्रॅम इकडेतिकडे झालं तर कॅप्सूलच्या वजनात ते दिसतच नाही, आतलं औषध मात्र १५ टक्के जास्त. ते फक्त ॲसेमध्ये, म्हणजे आतलं औषध मोजणाऱ्या लॅब टेस्टमध्ये कळतं आणि ती टेस्ट कुणी करत नव्हतं. रोज १०० ग्रॅम ठेवून टिक करणं म्हणजे काटा तपासणं नव्हे, निदान २०० मिलिग्रॅम तोलणाऱ्यांसाठी तरी नाही.

सरांनी लगेच पॅन पुसून टाकला याचा मला अजून राग आहे. साफ केल्यावर २००, २००, २००. आधीचे आकडे मी कागदावर लिहिले होते म्हणून तेवढे तरी राहिले. उरलेल्या कॅप्सूल परत मागवल्या, लॅबला पाठवल्या, शेवटच्या बॅचचा रिपोर्ट ११६ टक्के आला.

सगळ्यांना वाटलं, आता बरोबर बॅच दिली की झालं. पण एका मुलाचं वजन वाढतंय म्हणून डॉक्टरांनी मधेच त्याच्या कॅप्सूल कमी केल्या होत्या. तो डोस आमच्या जास्त औषधाच्या कॅप्सूलवर बसवलेला, आणि आता बरोबर कॅप्सूल दिल्या की त्याला कमी पडणार, ज्याचं शरीर हायड्रोकॉर्टिझोन हे हार्मोन स्वतः बनवतच नाही त्याला. मी मॅडमना सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि डोस नव्याने ठरला. बाकीच्या मुलांचे डोस असेच बदलले होते का ते आम्ही एकेक फाइल काढून बघितलं, पण पावडर पॅनखाली नेमकी कुठल्या बॅचपासून साठली ते काही सांगता येत नाही, त्यामुळे जुन्या फाइलमधला कुठला २ खरा २ होता हे आजही कळत नाही.