फोन पण मेला होता, हे मी उशिरा पाहिलं

जून लागून आठवडाच झाला होता. सकाळी उठलो तर मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकत होता. तो स्थिर हिरवा असला की इंटरनेट चालू, लुकलुकत राहिला की मोडेम एक्स्चेंजला हाका मारतोय आणि पलीकडून ओ येत नाही. आमच्या घराभोवती मोबाइलची रेंज अंगणात एका कोपऱ्यातच मिळते, त्यामुळे घरचं काम सगळं त्या दोन तांब्याच्या तारांवर.

मी ब्रॉडबँडच्या हेल्पलाइनला फोन लावला, अर्थात अंगणातल्या त्या कोपऱ्यातून, छत्री धरून. त्यांनी मोडेम बंद करून चालू करायला लावला, मग रीसेट करायला लावला. रीसेटमुळे माझं युजरनेम आणि पासवर्ड पुसला गेला, तो पुन्हा भरण्यात अर्धा तास गेला. दिवा लुकलुकतच होता. पासवर्डचा प्रश्न दिवा स्थिर झाल्यावर येतो, त्याआधी नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्यांनाही नाही.

संध्याकाळी बापूकाका आले. बापूकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, घर आमच्या पलीकडच्या वाडीत. मी रडगाणं सुरू केलं, तर त्यांनी एकच विचारलं, "फोन लागतोय का तुझा?"

दिवसभरात मी रिसीव्हर उचललाच नव्हता. उचलून कानाला लावला. डायल टोन नाही, खरखर नाही, काही नाही.

"मग मोडेमला कशाला छळतोस? तुझी लाइन गेली."

त्यांनी समजावलं ते असं. आवाज आणि इंटरनेट एकाच जोडीवरून येतात, पण वेगवेगळ्या पट्ट्यांत. बोलणं साधारण चार किलोहर्ट्झच्या खाली, डीएसएल पंचवीस किलोहर्ट्झपासून वर अकराशेच्या आसपास. घरात स्प्लिटर त्यांना वेगळं करतो. एक्स्चेंजमध्येही ते वेगळे होतात आणि दोन वेगळ्या यंत्रांकडे जातात: बोलणं स्विचकडे, इंटरनेट डीस्लॅमकडे. फक्त इंटरनेट गेलं असतं तर मोडेम, पासवर्ड, डीस्लॅमवरचा पोर्ट, यातलं काहीही असू शकलं असतं. दोन्ही एकदम गेली तर दोन यंत्रं एकाच रात्री बिघडली असं मानण्यापेक्षा दोघांच्या सामायिक वाटेकडे बघावं. म्हणजे घरातली रोझेट, जिच्यात फोन लागतो ती भिंतीवरची डबी, बाहेर खांबापर्यंतची ड्रॉप वायर, खांबावरचा डीपी म्हणजे तारा जोडायचा डबा, तिथून रस्त्याकडेचं जोडकपाट म्हणजे पिलर आणि एक्स्चेंजपर्यंतची जमिनीखालची केबल. एक्स्चेंजचीच वीज गेली असती तर वाडीतले सगळे फोन गेले असते. काकांचा चालू होता. बिलही भरलेलं होतं.

मग त्यांनी मला मोबाइलवरून माझ्याच लँडलाइनला फोन लावायला सांगितलं. माझ्या कानात रिंग वाजत राहिली आणि घरातला फोन मुका. "वाजतंय ना? म्हणजे तार तुटली आहे. दोन तारा एकमेकींना चिकटल्या असत्या तर तुला एंगेज ऐकू आला असता." एक्स्चेंजला चिकटलेल्या तारा म्हणजे कुणीतरी रिसीव्हर उचलून ठेवलाय असं वाटतं, म्हणून एंगेज. तुटलेली लाइन त्याला रिसीव्हर खाली असल्यासारखीच दिसते, म्हणून तो बिचारा रिंग देत राहतो. ही युक्ती मला फार आवडली. पैसे लागत नाहीत, काही उघडावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मल्टिमीटर आणला. आधी स्प्लिटर बाजूला काढून फोन थेट रोझेटला लावून पाहिला, तोही मुका. मग पडवीत जिथे बाहेरची वायर आत येते तिथे घरचं वायरिंग सोडवलं आणि बाहेरून येणाऱ्या दोन टोकांवर मीटर धरला, डीसी व्होल्टवर. चांगल्या लाइनवर रिसीव्हर खाली असताना ४८च्या आसपास दिसायला हवेत. माझ्याकडे शून्य. घरचं वायरिंग सोडवल्यावर इथे ४८ आले असते तर दोष माझ्या भिंतीत होता. आले नाहीत, म्हणजे दोष बाहेर. (उघड्या टोकांना बोट लावू नये. नेमकी तेव्हा रिंग आली तर सत्तर-ऐंशी व्होल्टचा चांगला झटका बसतो. आणि वीज कडाडत असेल तर हे काम करूच नये.)

तक्रार पुन्हा नोंदवली, पण या वेळी ब्रॉडबँडची नाही. "फोन डेड, डायल टोन नाही" एवढंच. ब्रॉडबँडच्या तक्रारीवर ते पोर्ट तपासत बसतात, फोन डेडच्या तक्रारीवर लाइनमन घराबाहेर पडतो.

तो तिसऱ्या दिवशी आला, मोटरसायकलवर, कमरेला तपासणीचा फोन. डीपीचं झाकण उघडलं तर आत मुंग्यांनी वारूळ केलेलं. ते झटकून त्याने आमच्या जोडीवर आपला फोन लावला. डायल टोन आला. म्हणजे एक्स्चेंजपासून खांबापर्यंत सगळं ठीक, दोष खांब ते घर या साठेक मीटरच्या ड्रॉप वायरमध्ये. ती फणसाच्या फांदीवर घासत होती. बाहेरचं काळं आवरण अखंड दिसत होतं, पण हातात धरून वाकवल्यावर एका जागी ती मऊ लागली. आतलं तांबं तुटलेलं, दोन्ही तारांचं. काका नंतर म्हणाले की एकच तार तुटली असती तर फोन बंद आणि इंटरनेट रखडत का होईना चालू, असंही कधी कधी दिसतं.

त्याने तिथे कापून जोड मारला, वर टेप गुंडाळली. फोन लागला, दिवा स्थिर झाला. तो गेला आणि मी खूश.

खुशी त्याच रात्रीपर्यंत टिकली. फोनची रिंग आली की दिवा पुन्हा लुकलुकायला लागायचा. मोडेमच्या पानावर SNR Margin, म्हणजे गोंगाटावर मात करायला सिग्नलकडे उरलेली शिल्लक, पाच डेसिबल दिसत होतं. सहाच्या खाली गेलं की लाइन कधीही सुटू शकते. बोलायला मात्र फोन छान. बोलण्याला कसाबसा जोडही पुरतो, डीएसएलला नाही, आणि रिंगचा मोठा व्होल्टेज कच्च्या जोडातून जाताना जो खडखडाट करतो तो थेट डीएसएलच्या पट्टीत येतो.

लाइनमनला पुन्हा बोलावलं. तो कुरकुरला, "फोन चालू आहे ना साहेब?" मी त्याला पान दाखवलं आणि त्याच्यासमोर मोबाइलवरून लँडलाइनला रिंग दिली. दिवा गेला. तेव्हा त्याने जोडावरची टेप सोडवली. वायरच्या मधल्या वाटेवर एक आणखी जुना जोडही सापडला, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला, आत पाणी साचून तांब्यावर हिरवी पूड चढलेली. कुणाचा, कधीचा, देव जाणे.

पूर्ण ड्रॉप वायर नवी ओढली, मध्ये एकही जोड नाही, फणसापासून हातभर लांब. मीटरवर ४९, रिसीव्हर उचलल्यावर आठ. SNR Margin चौदा. काकांनी त्यांच्या घरून चार वेळा रिंग दिली आणि मी दिव्याकडे बघत बसलो.

जुनी वायर आईने मागून घेतली. आता पडवीत तिच्यावर पावसाळ्यातले कपडे वाळतात.