डेअर, डी, डास पाठ करताना

जर्मनच्या क्लासमध्ये डेअर, डी, डास, म्हणजे अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी नामांआधी लागणारे शब्द आले तेव्हा आम्हा मराठी मंडळींना फारसा धक्का बसला नाही. तीन लिंगं आपल्याकडेही आहेतच. मराठी आणि जर्मन या दोघींना ती एकाच इंडो-युरोपीय मुळातून मिळाली. हिंदीने वाटेत नपुंसकलिंग सोडलं, इंग्रजीने नामांचं लिंगच सोडून दिलं. पण मराठीवरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही: चंद्र तिकडेही पुल्लिंगी, सूर्य मात्र स्त्रीलिंगी, डी झोने.

कारण वस्तूत शोधत बसू नये, हे मला आपल्याच भाषेवरून पटलं. दार मोठं असतं, दरवाजा मोठा असतो, आणि वस्तू एकच! जर्मनमध्येही त्याच गाडीला डास आउटो म्हणा नाहीतर डेअर वागेन. लिंग शब्दाचं असतं. डास मेड्शेन, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी का? तर शेवटी लघुत्वाचा ‘शेन’ प्रत्यय आहे, आणि तो लागलेला शब्द ‘डास’च.

आता पाठांतर. ‘टिश म्हणजे टेबल, डेअर’ असं लिहिलं की डेअर हमखास गळतं. ‘आइन टिश’, म्हणजे ‘एक टेबल’, लिहूनही भागत नाही, कारण पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी दोन्हींना ‘आइन’च लागतं. म्हणून मी प्रत्येक नामामागे ‘मोठा’ लावायला लागलो: आइन ग्रोसर टिश, आइने ग्रोसे लाम्पे, आइन ग्रोसेस फेन्स्टर. डेअरचा र, डीच्या स्पेलिंगमधला ए, डासचा स विशेषणाच्या शेपटीत उतरतो, अगदी मोठा-मोठी-मोठंसारखा. वहीत हे तिन्ही शब्द असेच, मोठ्याने म्हणत लिहायचे. डेअर-डी-डास पुढे असेल तर विशेषण तिघांनाही ‘ग्रोसे’च राहतं, त्यामुळे सराव ‘आइन’नेच करावा. कर्माच्या जागी पुल्लिंगी तेवढं बदलतं, आइनेन ग्रोसेन टिश. ते नंतर वाक्यात घोटावं.

सगळेच शब्द असे घोटावे लागत नाहीत. ‘उंग’ प्रत्यय लागलेलं नाम डी: डी वोनुंग, म्हणजे फ्लॅट. जोडशब्दात शेवटच्या शब्दाचं लिंग चालतं. श्ल्युसेल, म्हणजे किल्ली, डेअर. म्हणून फ्लॅटची किल्लीसुद्धा डेअर वोनुंग्सश्ल्युसेल, पुढे ‘डी’वाली वोनुंग असली तरी.

फसवतात ते ‘अर’वर संपणारे. शिक्षक, डेअर लेरर, बघून सगळ्यांना डेअर लावावंसं वाटतं, पण फेन्स्टर डास आहे आणि बुटर, म्हणजे लोणी, डी. लोण्याला मोठं कोण म्हणणार? तिथे मी ताजं घेतलं आणि ‘आइन’ काढून टाकलं. शेपूट तीच राहते. नाश्त्याला बसलं की फ्रिशर काफे, फ्रिशे बुटर, फ्रिशेस ब्रोट.