शनिवारी शेवटची पाळी, सोमवारपर्यंत हिशेब

भोसरीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी टाइम ऑफिस आणि वेतनाचे काम पाहत होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. शनिवार, 29 जून 2019 रोजी आमच्या एका सीएनसी ऑपरेटरची शेवटची पाळी संपली. बीड जिल्ह्यातील गावी शेती पाहायला माणूस उरला नव्हता आणि पेरणीचे दिवस तोंडावर आले होते, म्हणून त्याने रीतसर नोटीस देऊन नोकरी सोडली होती. रविवारी सकाळी त्याच्या फुल अँड फायनलचा, म्हणजे नोकरी सोडतानाच्या अंतिम देण्यांचा, कागद सहीसाठी माझ्यापुढे आला. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे रविवार हा आमचा कामाचाच दिवस होता, आणि ही साधी बाब त्या हिशेबात सुरुवातीलाच निर्णायक ठरली.

प्रश्न मुदतीचा होता. आमच्याकडे सोडून जाणाऱ्या माणसाला महिन्या-दीड महिन्याने या, असे सांगण्याची पद्धत पडली होती आणि इतर अनेक कारखान्यांतही मी तीच पाहिली आहे. परंतु तेव्हा आम्हाला लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 79 नुसार, कामगाराने स्वतःहून नोकरी सोडली तरी शिल्लक रजेचा पगार त्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजी दिवसाच्या आत द्यावा लागे. शनिवारनंतरचे दोन कामकाजी दिवस म्हणजे रविवार आणि सोमवार. म्हणजे माझ्या हातात सोमवार संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता.

कागदावर दोनच ओळी महत्त्वाच्या होत्या: ओव्हरटाइमचे 4 तास आणि शिल्लक पीएलचे, म्हणजे पगारी रजेचे, 25 दिवस. दोन्ही आकडे संगणकातून आलेले असल्यामुळे त्यांच्याविषयी कोणाला शंका नव्हती. मला शंका आली ती त्या ऑपरेटरच्या वहीमुळे. तो शनिवारी निघताना म्हणाला होता, “मॅडम, माझ्या वहीत ओटी जास्त आहे. भांडायचं नाही मला, पण एकदा बघा.” त्याने रोजच्या येण्याजाण्याच्या वेळा पेन्सिलीने लिहून ठेवल्या होत्या. मी त्या वेळा बायोमेट्रिक पंचशी ताडून पाहिल्या. अर्धा तास जेवणाची सुट्टी वजा केल्यावर दोन्हीकडचे तास तंतोतंत जुळत होते. याचा अर्थ तासांबद्दल वाद नव्हता. चूक असलीच तर ती बेरजेच्या रीतीत होती.

त्या कायद्यात ओव्हरटाइमच्या दोन कसोट्या होत्या. दिवसाला 9 तासांपेक्षा जास्त किंवा आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम झाले, की वरच्या वेळेला दुप्पट दर लागे. आमची प्रणाली फक्त पहिली कसोटी पाहत होती. 16 ते 22 जून या आठवड्यात गुरुवार सोडून त्याने अनुक्रमे 8, 10, 9, 8, 9 आणि 10 तास काम केले होते. नऊच्या वरचे तास मोजले तर दोनच भरतात, आणि प्रणालीने तेवढेच धरले होते. परंतु आठवड्याची बेरीज 54 होते, म्हणजे ओव्हरटाइम 6 तास होतो. उलट 9 ते 15 जूनच्या आठवड्यात सोमवारी तो रजेवर होता, उरलेल्या दिवसांत 8, 10, 10, 8, 8 असे 44 तास भरले. येथे आठवड्याची मर्यादा ओलांडलेली नाही, तरी दोन दिवशी नऊच्या वर एकेक तास झाल्यामुळे 2 तास देय होतात. म्हणून प्रत्येक आठवड्यासाठी दोन्ही कसोट्या लावायच्या आणि जी बेरीज जास्त येईल ती घ्यायची, ही रीत मी माझ्या सहायकाला समजावून सांगितली; दोन्हींची बेरीज मात्र करायची नाही, कारण मग एकच तास दोनदा मोजला जातो.

त्याने तक्ता नव्याने मांडला. येथे एक्सेलची एक खोड मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण ती फसवी आहे. वेळेच्या रकान्यांची बेरीज `=SUM(B2:H2)` अशी केली आणि त्या घराचे स्वरूप `h:mm` असेच राहिले, तर चोवीस तासांचे पूर्ण पट गळून जातात आणि उरलेलेच दिसतात. 48 हा चोवीसचा पट असल्यामुळे 54 तासांच्या जागी नेमके 6:00 दिसले, आणि हा ओव्हरटाइमच आहे, असे सहायकाला वाटले. 44 तासांच्या आठवड्यापुढे 20:00 उमटले तेव्हा कुठे गफलत उघड झाली. स्वरूप `[h]:mm` केले की खरी बेरीज दिसते, आणि रुपयांच्या गुणाकारासाठी त्या घराला 24 ने गुणावे लागते.

एवढे होऊनही एक आठवडा निसटलाच होता. त्या कायद्यातला आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होई. वेगळी रात्र हवी असेल तर मुख्य निरीक्षकांची लेखी मान्यता लागे आणि आमच्याकडे ती नव्हती. सुट्टी गुरुवारी असली, तरी आठवडा रविवार ते शनिवार असाच धरावा लागणार होता. आमचा हजेरीपट मात्र महिन्याच्या 1 तारखेला उघडतो. 26 मे ते 1 जून हा आठवडा त्यामुळे दोन पटांत तुटला होता. मे महिन्याच्या बाजूला पाच दिवसांचे 44 तास होते, जूनच्या बाजूला एका शनिवारचे 9. कुठल्याही बाजूने पाहिले तरी ओव्हरटाइम शून्य दिसतो. दोन्ही तुकडे जोडले की 53 तास होतात आणि 5 तास देय ठरतात. मे महिन्याचा ओव्हरटाइम आधीच चुकता झाला आहे, या समजुतीने कोणी मागे वळून पाहिलेच नव्हते. माझ्या मते ओव्हरटाइमची सर्वांत जास्त गळती याच जागी होते, आणि ती कामगाराच्या वहीतही सहसा सापडत नाही, कारण तोही महिन्यामहिन्यानेच बेरीज करतो. उरलेले दोन आठवडे 48 च्या आत होते. एकूण ओव्हरटाइम 13 तास झाला.

रजेचा हिशेब दुपारी घेतला. 2018 च्या अखेरीस त्याची 19 दिवसांची न वापरलेली रजा पुढे ओढली गेली होती. त्या वर्षी त्याने प्रत्यक्ष 286 दिवस काम केले होते. वीस दिवसांना एक या प्रमाणात 14.3 येतात, अर्ध्याहून कमी अपूर्णांक सोडायचा असल्यामुळे 14 दिवस धरले जातात. 19 आणि 14 मिळून 33 होतात. प्रणालीने 1 जानेवारीला या बेरजेला 30 ची कात्री लावून 3 दिवस पुसून टाकले होते. वास्तविक 30 दिवसांची मर्यादा आहे ती मागील वर्षातून पुढे ओढायच्या न वापरलेल्या रजेवर. नव्या वर्षात नव्याने मिळालेली रजा तिच्यात मोजायची नसते. 19 हा आकडा मर्यादेच्या खूप आत होता, त्यामुळे एकही दिवस कापण्याचे कारण नव्हते. 2019 मध्ये त्याने 5 दिवस रजा घेतली होती, म्हणून 28 शिल्लक राहिले.

याशिवाय चालू वर्षाचा भाग होता, जो प्रणालीने धरलाच नव्हता. “वर्षात 240 दिवस भरले नाहीत, मग रजा कशी?” असे आमच्या व्यवस्थापकांनी विचारले. नोकरीत राहणाऱ्यासाठी ती अट बरोबर होती. परंतु नोकरी सोडणाऱ्याला, काढलेल्याला, निवृत्त झालेल्याला किंवा मृत कामगाराच्या वारसांना त्या वर्षात जेवढे दिवस काम झाले तेवढ्यावर त्याच प्रमाणात रजेचा पगार मिळतो. 240 दिवसांची अट तेथे आड येत नाही. मी त्यांना कलम 79 ची तिसरी पोटकलम उघडून दाखवली आणि त्यांनी ती शांतपणे दोनदा वाचली. (नोव्हेंबर 2025 पासून कारखाने अधिनियमाच्या जागी नवी संहिता लागू झाली असून तिच्यात ती अर्हता 180 दिवसांची आहे, आजचा हिशेब करणाऱ्याने तिच्यावरूनच करावा.)

1 जानेवारी ते 29 जून हे 180 दिवस भरतात. त्यातून 26 गुरुवार, 3 पगारी सुट्ट्या आणि रजेचे 5 दिवस वजा केले की 146 दिवस प्रत्यक्ष कामाचे उरतात, आणि 7.3 म्हणजे 7 दिवस रजा होते. ऑपरेटरच्या वहीत येथे 8 लिहिले होते. त्याने रजेचे 5 दिवस कामात धरले होते. तसे केले तर 151 दिवस होतात आणि 7.55 चे 8 होतात. भोगलेली रजा 240 दिवस मोजताना हजेरीत धरली जाई, पण तिच्यावर पुन्हा रजा साठत नसे. हा एक दिवस मी त्याला देऊ शकले नाही. त्याच्या बाजूने नऊ तास आणि दहा दिवस वाढवणाऱ्या माझ्या कागदावर त्याच्या विरुद्ध जाणारा हा एक दिवसही तितकाच स्पष्ट लिहिलेला असावा, असे मला वाटले, आणि मी तो तसा लिहिला.

आता दर. त्याची रोजंदारी मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून 624 रुपये होती. रजेचा दर आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या सरासरी कमाईवर ठरे, ओव्हरटाइम आणि बोनस वगळून. मे महिन्यासाठी तो 624 च येतो. प्रणालीने मात्र 26 दिवसांचा 16,224 रुपये पगार घेऊन त्याला 30 ने भागले होते आणि 540.80 रुपये दर काढला होता. ज्या चार-पाच दिवसांचा पगारच मोजलेला नाही, ते भाजकात घालणे म्हणजे प्रत्येक रजेच्या दिवसामागे 83 रुपये कापणे होय. ओव्हरटाइमसाठी तासाचा दर 78 आणि दुप्पट 156 रुपये.

रजेचे 35 दिवसांचे 21,840 आणि ओव्हरटाइमचे 13 तासांचे 2,028, असे मिळून 23,868 रुपये झाले. सहीसाठी आलेल्या कागदावर याच दोन ओळींचे 14,144 रुपये होते. 9,724 रुपयांचा हा फरक त्याच्या पंधरा दिवसांच्या मजुरीहून जास्त होता.

सोमवारी दुपारी तो आला. मी व्हाउचरवर नुसती एकूण रक्कम न लिहिता आठवडेवार तासांचा आणि वर्षवार रजेचा तक्ता सोबत जोडला, आणि सही घेण्यापूर्वी एकेक ओळ त्याला वाचून दाखवली. आठव्या दिवसाशी तो थांबला, वहीत पाहिले, रजेचे पाच दिवस स्वतः वजा करून पुन्हा भागाकार केला आणि म्हणाला, “सातच बरोबर आहेत, मॅडम.” मे-जूनच्या तुटलेल्या आठवड्याचे 5 तास त्याच्या वहीतही नव्हते. ते कुठून आले हे त्याने दोनदा विचारून समजून घेतले आणि मग सही केली. रक्कम त्याच संध्याकाळी त्याच्या खात्यात गेली.

त्यानंतर व्यवस्थापकांकडून दोन गोष्टींची लेखी परवानगी घेतली: प्रणालीतली 1 जानेवारीची कात्री काढून सध्याच्या सर्व कामगारांची रजा-पुस्तके दुरुस्त करण्याची, आणि आधीच्या वर्षभरात सोडून गेलेल्यांचे हिशेब याच रीतीने पुन्हा उघडण्याची. पहिले काम आठवड्यात झाले. दुसऱ्याला वेळ लागला, कारण काहींचे मोबाइल क्रमांक बदलले होते आणि त्यांच्या गावचे पत्ते शोधून पत्रे पाठवावी लागली.