लेखाखालच्या चौकटीतली खुर्ची

बातमी वाचून संपली की खाली चार-सहा चौकटी दिसतात, फोटो आणि त्याखाली एक ओळ. ताबूलासारख्या कंपन्या त्या जागा भरतात. तिथे ऑफिसच्या खुर्चीची जाहिरात चालवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिली जाहिरात मी बॅनरसारखी केली: पांढऱ्या पार्श्वभूमीवर खुर्ची, कोपऱ्यात लोगो, मथळा 'कमरेसाठी सर्वोत्तम खुर्ची'. लाख वेळा दिसली तेव्हा जेमतेम चाळीस क्लिक आले. इथे क्लिकमागे पैसे द्यायचे असतात, त्यामुळे न चालणारी जाहिरात फुकटात दिसत राहील असं मला वाटलं होतं. पण क्लिक कमी म्हणजे जागा देणाऱ्याची कमाईही कमी, म्हणून यंत्रणा तिला दाखवणंच कमी करते.

मग फोटो बदलला. खुर्चीवरून उठताना कमरेवर हात ठेवलेला माणूस, जवळून काढलेला, स्टुडिओतला चकचकीतपणा नसलेला. तो बातमीतल्या फोटोसारखा दिसत होता, आणि वाचकाची नजर बातमीच्या सवयीनेच तिथे येते. फोनवर मात्र चौकट चौरस झाली आणि नेमका हातच कापला गेला. तेव्हापासून मी मुख्य गोष्ट फोटोच्या मधोमध ठेवतो आणि फोटोवर अक्षरं टाकत नाही, कारण त्या आकारात ती वाचताच येत नाहीत.

खरा घोळ मथळ्यात झाला. तोच फोटो ठेवून मी दोन मथळे लावले. पहिला: 'कंबर दुखण्यामागची ही सवय कुणीच सांगत नाही'. दुसरा: 'दिवसभर बसून काम करता? दुपारनंतर कंबर का दुखते ते पाहा'. दोन्ही एकाच कॅम्पेनमध्ये टाकले, तर पहिल्याला सुरुवातीला चार क्लिक जास्त मिळाले म्हणून जवळपास सगळं प्रदर्शन त्याच्याकडेच गेलं. दुसऱ्याला संधीच मिळाली नाही. मग दोन वेगळी कॅम्पेन केली आणि दोन्हींना सारखंच बजेट दिलं.

दर लाख प्रदर्शनांमागे पहिल्याला सुमारे ३१० क्लिक आणि एक ऑर्डर, दुसऱ्याला १८० क्लिक आणि सहा ऑर्डरी. एक-दोन ऑर्डरींच्या फरकावर मी विश्वास ठेवला नसता, म्हणून आणखी दोन आठवडे दोन्ही चालू ठेवली. चित्र तेच राहिलं. पहिल्या मथळ्यावरून आलेल्यांना गुपित हवं होतं. पानावर खुर्ची दिसताच ते काही सेकंदांत परत जात. दुसऱ्या मथळ्यातल्या 'दिवसभर बसून' या दोन शब्दांनी गिऱ्हाईक नसलेल्यांना आधीच गाळलं होतं, आणि त्यांच्या क्लिकचे पैसे वाचले होते.

क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानाची पहिली ओळही मी बदलली: 'दुपारनंतर कंबर का दुखते'. मथळ्यातला प्रश्न तिथेच पुढे सुरू झाला, आणि खुर्चीचं नाव तिसऱ्या परिच्छेदात आलं.